सहा टॉवेलांची गोष्ट, त्यातले दोन आले नाहीत ते बरंच झालं

आमचं दुकान चिपळूणला, अगदी छोटं, चादरी, टर्किश टॉवेल, पंचे, नॅपकिन, पायपुसणी एवढाच माल. अण्णांनी चालवलं तोवर माल बघायला कुठे जावं लागायचं नाही, वर्षातून दोनदा सोलापूरचे एक एजंट काका दोन मोठ्या बॅगा घेऊन यायचे, एका बॅगेत नुसते सॅम्पल. अण्णा टॉवेल हातात घ्यायचे, अंगठा आणि बोटामधे कडेचा भाग चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, हा पाच डझन लिहा. संपलं. किंमतीवर दोन मिनिटं घासाघीस, मग चहा.

काका आता थकले, यायचे बंद झाले, अण्णाही दुकानात फक्त संध्याकाळी पेपर वाचायला येऊन बसतात. आणि 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या काकांच्या वेळच्या सगळ्या वह्या, कार्डं, पत्ते वाशिष्ठीबरोबर गेले (खालच्या दोन फळ्यांवर मी अजून माल ठेवत नाही, रिकाम्या दिसतात म्हणून गिऱ्हाईक विचारतं, पण नाही ठेवत). म्हणजे मला सगळं नव्याने, फोनवर, ओळखपाळख नसलेल्या माणसाकडून. तेव्हा कळलं की सॅम्पल मागणं हे पण एक काम असतं आणि ते मला अजिबात येत नव्हतं.

पहिला मेसेज मी काय केला होता तो अजून फोनमधे आहे. "नमस्कार, आमचे चिपळूणला दुकान आहे, टॉवेलचे सॅम्पल व रेट पाठवावे ही विनंती." सोलापुरातल्या चार होलसेलवाल्यांना एकच मेसेज. दोघांनी बघितला आणि सोडून दिला, एकाने दीडशे फोटो पाठवले, एकाने फक्त अंगठा. तेव्हा राग आला होता, आता नाही येत, कारण त्या मेसेजमधे उत्तर देण्यासारखं होतं काय? कुठला टॉवेल, किती वजनाचा, किती नग, पैसे कोण देणार, पाठवायचं कसं, आणि आवडला तर ही बाई पुढे किती घेणार, काहीच नाही. समोरचा माणूस दिवसभर गाठी भरून ट्रान्सपोर्टला देतोय, त्याला दोन टॉवेल काढून, बांधून, कुरिअरवाल्याकडे पोरगा पाठवायचा म्हणजे अर्धा तास, आणि असे मेसेज त्याला रोज येणार, त्यातले निम्मे घरी वापरायला फुकट टॉवेल मागणारे.

अंगठावाल्यालाच मग फोन केला. मराठी सोलापुरी, मधेच कामगाराशी तेलुगूत बोलणार, आवाज चढा पण माणूस बरा वाटला. मी आपलं विचारलं, सॅम्पल फ्री असतं ना? तर म्हणाला, "ताई, फुकट द्यायला मला परवडतंय ओ, पण सरकारला नाही परवडत."

मला वाटलं टोमणा मारतोय. पण खरं होतं ते. सुतावर, रंगावर त्याने जो जीएसटी भरलेला असतो त्याचं क्रेडिट त्याला मिळतं, कारण पुढे तो विकताना टॅक्स लावतो. तोच माल फुकट सॅम्पल म्हणून गेला तर कलम 17(5) प्रमाणे ते क्रेडिट मिळत नाही, घेतलं असेल तर परत फिरवावं लागतं. दोन टॉवेलांचं किती, चिल्लर, पण वर्षाचे शंभरेक सॅम्पल झाले की हिशोबनीस डोकं खातो. म्हणून तो सरळ बिल करून सॅम्पल विकतो. मला आधी हे जड वाटलं, पण आता मी उलट सांगते, बिल करूनच द्या. फुकट आलेल्या टॉवेलबद्दल तुम्ही तक्रार काय करणार, तो म्हणेल फुकट दिला होता. बिल असलं की त्यावर क्वालिटीचं नाव, साइज, रेट छापलेला असतो, आणि पुढे भांडायची वेळ आली तर (आली, सांगते) तोच कागद कामाला येतो.

मग मी बसून नीट मेसेज लिहिला. अण्णा बाजूला होते, ते म्हणाले एवढं काय लिहितेस, अर्ज करतेयस का नोकरीसाठी. साधारण असा होता:

"साहेब, काल फोनवर बोललो त्याप्रमाणे. टर्किश टॉवेल, 30 बाय 60 इंच, प्लेन डाइड, शंभर टक्के कॉटन. 350 ग्रॅम आणि 450 ग्रॅम अशा दोन क्वालिटी, प्रत्येकी 2 नग, एकूण 4 नग. रंग कुठलाही चालेल पण प्रत्येक क्वालिटीत एक मरून किंवा नेव्ही हवाच. बाकी रंगांचे फक्त छोटे तुकडे पाठवा, टॉवेल नको. नग चालू स्टॉकमधले हवेत, जो माल मला ऑर्डरला येणार त्यातलेच, सॅम्पलसाठी वेगळे ठेवलेले नकोत. सॅम्पलचा रेट होलसेलचाच लावा, बिल करा, पैसे आधी पाठवते. पसंत पडलं तर गणपतीआधी 10 डझनची पहिली ऑर्डर आहे, तेव्हा सॅम्पलची रक्कम वळती करावी. कुरिअर खर्च माझा, पण पुठ्ठ्याच्या बॉक्समधे नको, दाबून पिशवीत पॅक करा, आणि बुक करायच्या आधी वजन आणि चार्ज कळवा."

आधी मी सहा नग लिहिले होते, 550 ग्रॅमचा पण हवा होता, मग काढला. तेवढा जाड टॉवेल माझ्या दुकानात घेणार कोण, फक्त मला स्वतःला हात लावून बघायचा होता, आणि त्यासाठी त्याला कामाला लावायचं नि कुरिअरचं वजन वाढवायचं, कशाला.

दोन-दोन नग का, हे त्याने पण विचारलं, "एकेक बघा की, सारखाच असतोय." तर एक मारायला आणि एक ठेवायला. सॅम्पल हे खरं तर खराब करायलाच मागवायचं असतं, धुवायचं, पिळायचं, ओढायचं. पण ते खराब केलं की मग ऑर्डरचा माल येईल तेव्हा तो कशाशी ताडून बघणार? धुतलेल्या टॉवेलाशी कोऱ्याची तुलना होत नाही. म्हणून दुसरा नग न उघडता, प्लास्टिकमधे, वर तारीख आणि बिल नंबर लिहून कपाटात. गारमेंटवाले याला सील सॅम्पल म्हणतात, आमच्याकडे अण्णा त्याला "साक्षीदार" म्हणायला लागले.

आता पैशाचं. 350 वाला 128 रुपये, 450 वाला 165. दोन-दोन नग म्हणजे 256 आणि 330, एकूण 586, त्यावर पाच टक्के जीएसटी, 615 रुपये. सुट्या नगाला तो सहसा वीस-पंचवीस रुपये जास्त लावतो, पण पुढची ऑर्डर किती हे मी आधी सांगितलं म्हणून होलसेल रेट लावला. एक गोष्ट बघण्यासारखी, दोन्ही रेट वजनाने भागले तर किलोला साधारण 366 च येतात. म्हणजे टॉवेल नगावर विकला तरी आतून तो किलोवरच विकला जातोय. हे मला त्या दिवशी कॅल्क्युलेटरवर सहज दिसलं आणि नंतर त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

कुरिअरची गंमत वेगळीच. टॉवेलांचं वजन 1600 ग्रॅम, मला वाटलं दोन किलोचा चार्ज लागेल, विषय संपला. पण कुरिअरवाले दोन वजनं बघतात, एक काट्यावरचं आणि एक जागेचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमधे गुणायची आणि बहुतेक जण 5000 ने भागतात, जे जास्त येईल ते लावायचं. टॉवेल म्हणजे निम्मी हवाच. त्याच्या पोराने नेहमीप्रमाणे बॉक्स भरला, 40 बाय 32 बाय 15, म्हणजे 3.84, चार किलोचे पैसे, 340 रुपये! 615 च्या मालाला 340 कुरिअर. मी म्हटलं होतं ना हो पिशवीत. मग त्याने टॉवेल घट्ट गुंडाळी न करता चौकोनी घड्या करून, गुडघ्याने दाबून (फोनवर ऐकू येत होतं) जाड पॉलिथिनमधे टेप मारून बांधले. 36 बाय 28 बाय 9. भागून 1.81. दोन किलो, 180 रुपये. काट्यावर ठेवलेल्या पिशवीचा फोटो त्याने पाठवला. दाबल्याने टॉवेल चुरगळतात, पण ते धुवायचेच आहेत.

टू पे ने, म्हणजे पार्सल हातात आल्यावर भाडं मी देते असं, पाठवा असं पण मी भोळेपणाने विचारून बघितलं होतं. कुरिअरवाला ओळखीशिवाय छोटं पार्सल टू पे घेत नाही, घेणाऱ्याने नाकारलं तर पैसे कोणाकडे मागणार तो. टू पे चालतं ट्रान्सपोर्टला, तिथे बिल्टी म्हणजे मालाची पावती होते, माल गोडाऊनला येतो, आपण भाडं भरून सोडवतो. पण ट्रान्सपोर्टला कमीत कमी भाडं असतं, चार टॉवेलांना अख्ख्या पोत्याचे पैसे. तेव्हा सॅम्पल कुरिअरने आणि ऑर्डर ट्रान्सपोर्टने, हे आमचं ठरलं. कुरिअरचे 180 त्याने तिथे भरले, पावतीचा फोटो आला, मी लगेच टाकले. आणि पत्त्यात दुकानाच्या खुणेबरोबर फोन नंबर दोन लिहायला सांगितले, कारण पावसात आमच्याकडे एका फोनची रेंज कधी जाईल सांगता येत नाही.

कराडहून कुंभार्ली घाट उतरून पार्सल चौथ्या दिवशी आलं. जूनचा शेवट, बाहेर धो धो. आणि माझं खरं काम तिथून सुरू झालं.

आधी वजन. स्वयंपाकघरातला काटा दुकानात आणला, आई ओरडली. 350 वाले निघाले 358 आणि 361, 450 वाले 463 आणि 455. मी खूश, सांगितल्यापेक्षा जास्त! अण्णांनी पेपरातून मान वर न करता म्हटलं, "हवा किती प्यायलाय तो बघ." कापूस हवेतली ओल धरतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत मोजलेला टॉवेल जूनच्या चिपळूणात आला की दोन-तीन टक्के सहज वाढतो. म्हणजे वजन बरोबर होतं, जास्त नव्हतं. ठीक आहे.

मग पाण्याचा थेंब. कोऱ्या टॉवेलावर चमच्याने एक थेंब टाकला तर तो अळूच्या पानावर बसतो तसा बसून राहिला. माझा चेहरा पडला, पण त्यात तसं काही नव्हतं, नवीन टॉवेल मऊ लागावा म्हणून शेवटी त्याला सॉफ्टनर लावलेलं असतं आणि तेच पाणी अडवतं. म्हणून दुकानात हाताला सगळ्यात मऊ लागणारा टॉवेल घरी अंग पुसत नाही, नुसता पाणी इकडून तिकडे करतो. दोन धुण्यांनंतर परत थेंब टाकला, लगेच आत. तीन धुण्यांनंतर पण थेंब बसूनच राहिला असता तर संशय पॉलिस्टरचा. तरी मी एक धागा उपटून काडीने जाळून बघितलाच, कागदासारखा जळला, राख बोटात विरघळली. पॉलिस्टर असतं तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता.

रंगाला मरून का मागितला तर फिका रंग कोणाचाही जात नाही, परीक्षा गडद रंगाचीच. पांढरा रुमाल ओला करून, साबण लावून टॉवेलावर वीस वेळा घासला. 350 च्या मरूनचा जरासा गुलाबी डाग आला, 450 च्या नेव्हीचा जवळजवळ नाहीच. पहिल्या धुण्याच्या बादलीत दोघांचंही पाणी रंगलं, तिसऱ्याला स्वच्छ. तेवढं गिऱ्हाइकाला सांगता येतं, पहिले दोनदा वेगळा धुवा म्हणून.

लांबी धुवायच्या आधी 60 इंच, तीन धुण्यांनंतर 57. हे सुद्धा चालतं, पण माझं लक्ष काठावर होतं. टॉवेलाच्या दोन टोकांना जी सपाट पट्टी असते ती आणि मधला लूपवाला भाग हे वेगवेगळे आकसतात, पट्टी जास्त आकसली की टॉवेल टोकाला चुणीदार होतो, पिशवीच्या तोंडासारखा. फोटोत हे कधीच दिसत नाही. 450 मधे थोडं झालं, 350 मधे नाही.

पण निकाल लागला तो वाळण्यावर, आणि ही परीक्षा सोलापुरात बसून कोणी घेऊच शकत नाही. दोन्ही टॉवेल मशीनमधे सारखेच पिळून पडवीत दोरीवर टाकले. बाहेर पाऊस, आत ओल, पंखा नाही. 350 वाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला कोरडा लागला. 450 वाला तिसऱ्या दिवशी सकाळीही घडीत दमट, आणि नाकाशी नेला तर तो कुबट वास, जो कोकणात प्रत्येकाला माहित्ये, सांगायला नको. अण्णा टॉवेल नाकाशी का न्यायचे ते मला तेव्हा समजलं, मी इतकी वर्षं समजत होते ते खळ हुंगतात.

दुकानात दोन्ही समोर ठेवले तर दहातले आठ जण 450 उचलतील, जाडजूड, भरलेला, हॉटेलसारखा. आणि ऑगस्टमधे तेच येऊन सांगतील टॉवेलाला वास येतो. तेव्हा ऑर्डर 350 ची, 10 डझन, चार रंग. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, घरात माणसं वाढतात, टॉवेल, पंचे कमी पडतात, तो आमचा सीझन.

120 नग, 128 ने 15,360, त्यातून सॅम्पलचे 586 वजा, वर जीएसटी. पैसे अर्धे आधी, अर्धे माल बघून. माल ऑगस्टमधे बिल्टीने आला.

उघडला, हात लावला, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रंग तोच, साइज तीच, काठ तोच. साक्षीदार कपाटातून काढला, एका हातात तो, एका हातात हा. नवीन हलका. पण हाताला वाटणं आणि काट्यावर दिसणं वेगळं, आणि एका टॉवेलावर भांडता येत नाही, पाच-दहा ग्रॅम इकडे तिकडे होणारच. म्हणून पूर्ण डझन मोजला. 350 प्रमाणे 4.2 किलो हवा, आला 3.85. दुसरा डझन, तोच हिशोब. दहाच्या दहा मोजले, 42 किलोच्या जागी 38.5.

फोन केला तर आधी नेहमीचं, "ताई काटा बघा तुमचा." मी साक्षीदाराला त्याच काट्यावर ठेवून व्हिडिओ पाठवला, तो 360 दाखवत होता. मग म्हणाला हवेमुळे फरक पडतोय. मी म्हटलं साहेब, हवेमुळे इथे वजन वाढायला पाहिजे, कमी नाही, ऑगस्ट आहे चिपळूणचा. थोडा वेळ गप्प. मग हळूच, "दुसऱ्या लूमवरचा माल आहे तो, घाई होती तुमची." म्हणजे लूप जरा कमी उंचीचे बसवले असणार, बाकी सगळं तेच ठेवून सूत वाचतं ते तिथेच. त्याने मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही, पण माहीत असून बोलला नाही एवढं नक्की.

परत पाठवायचा तर भाडं, आणि गणपती बारा दिवसांवर. मग तो किलोचा हिशोब काढला. साडेतीन किलो सूत कमी आलंय, तुमच्याच रेटने 366 चे किलो धरून साधारण 1,280 रुपये होतात, म्हणजे दहा टॉवेल. बिल 120 चं आणि वजनाने माल आला 110 चा. त्याला हे असं सांगितल्यावर वाद घालायला जागाच उरली नाही, त्याच्या धंद्याची भाषाच ती. क्रेडिट नोट दुसऱ्या दिवशी आली. टॉवेल मी आठ रुपये कमीने विकले, हलका आहे सांगून, आणि पावसात हलकाच बरा म्हणून लोकांनी घेतले पण.

त्याच्याकडूनच अजून माल घेते. आता मेसेजमधे एक ओळ वाढलीय, "डझनाचं वजन बिलावर लिहा." लिहितो बिचारा.

450 चा तो धुतलेला नेव्ही टॉवेल अण्णांनी ढापला. रोज आंघोळीनंतर खांद्यावर टाकून येतात दुकानात, आणि गिऱ्हाइकासमोर मला म्हणतात, "हा का नाही ठेवलास गं, काय मस्त आहे." मी म्हणते अण्णा, वास येतोय त्याला. ते नाकाशी नेतात, हुंगतात, आणि पेपर उघडतात.